वरचा स्पीकर ग्रुपमध्ये का येत नाही आणि किचनमधलं गाणं का तुटतं

प्रश्न: आमचं पाथर्डी फाट्याला रो हाऊस आहे, खाली हॉल-किचन, वर बेडरूम. अॅलेक्साचे तीन एको डॉट स्पीकर घेतले, हॉल, किचन आणि वर एक. खाली फायबरवाल्याचा डबा आहे, वर रेंज येईना म्हणून त्याच्यातून वायर नेऊन जुना राउटर लावलाय. सकाळी सासूबाईंना भक्तिगीतं सगळ्या घरात एकदम लावायची असतात, पण वरचा स्पीकर ग्रुपमध्ये येतच नाही आणि खालचे मधेच अडकतात, किचनमधला तर जास्तच. १०० एमबीपीएसचा प्लॅन आहे. फायबरवाला म्हणतो २०० चा घ्या. घेऊ का दादा?

उत्तर:

ताई, प्लॅनला हात लावू नका. गाण्याला स्पीड किती लागतो ते आधी बघा. स्पॉटिफायची सगळ्यात वरची नेहमीची क्वालिटी ३२० केबीपीएस, म्हणजे एका एमबीपीएसचा तिसरा हिस्सा. तिन्ही स्पीकरनी वेगवेगळं गाणं ओढलं तरी एक एमबीपीएसच्या आसपास जाईल आणि तुमच्याकडे शंभर आहेत. २०० घेतले तरी घरात वायफायची हवा तीच, स्लॅब तोच, किचनची भिंत तीच राहणार. मी नाशकात घरोघरी नेटवर्किंगचीच कामं करतो आणि गाणं तुटतंय म्हणून जिथे जिथे प्लॅन वाढवला गेला तिथे बहुतेक ठिकाणी गाणं तसंच तुटत राहिलेलं बघितलंय. तुमच्या घरात दोन वेगळे प्रॉब्लेम आहेत, एक वरचा आणि एक किचनचा, ते वेगवेगळेच सोडवावे लागतील.

आधी वरचा. तुमच्या वर्णनावरून मला जवळपास खात्री आहे की तुमच्या घरात दोन नेटवर्क झालीत. फायबरवाल्याचा डबा स्वतःच राउटर असतो, तो घरातल्या प्रत्येक फोनला, टीव्हीला, स्पीकरला एक आयपी नंबर देतो. त्यातून निघालेली वायर तुम्ही जुन्या राउटरच्या वॅन पोर्टमध्ये लावली असणार, तो वेगळ्या रंगाचा एकटा पोर्ट असतो तो. तिथे लावली की जुना राउटर समजतो की मीच घराचा मालक, आणि तो वरच्या वस्तूंना स्वतःचे वेगळे नंबर वाटत बसतो. इंटरनेट दोन्हीकडे चालतं म्हणून कुणाला काही कळत नाही, पण खालचे स्पीकर आणि वरचा स्पीकर एकमेकांना दिसतच नाहीत.

खात्री करायला एक मिनिट लागतं. फोन घेऊन खाली हॉलमध्ये उभे रहा, खालच्या वायफायला जोडा, सेटिंगमध्ये त्या वायफायच्या नावावर टॅप करा, आत आयपी अॅड्रेस दिसेल, समजा 192.168.1.23. आता वर जाऊन वरच्या वायफायला जोडा आणि तेच बघा. तिथे 192.168.0.105 असं काहीतरी आलं, म्हणजे तिसरा आकडा बदलला, तर दोन नेटवर्क आहेत, विषय संपला. पहिले तिन्ही आकडे वर-खाली सारखे असले तर मी म्हणतोय तो प्रॉब्लेम सहसा नसतो, मग थेट खाली किचनच्या भागाकडे जा.

एक गोष्ट लोकांना नेहमी गोंधळात टाकते. वरचा स्पीकर एकटा छान वाजतो, प्रश्नाला उत्तर देतो, अॅपमध्येही दिसतो, मग ग्रुपमध्ये का नाही? कारण एकटा असताना त्याला फक्त बाहेर इंटरनेटवर जायचं असतं, तुमचा आवाज बाहेर सर्व्हरला जातो आणि उत्तर परत येतं, त्यात बाकीच्या स्पीकरशी संबंधच नाही. ग्रुपमध्ये मात्र स्पीकरना घरातल्या घरात एकमेकांशी सतत बोलावं लागतं, घड्याळं जुळवावी लागतात, नाहीतर हॉलमधला शब्द आणि किचनमधला शब्द पुढेमागे ऐकू येईल. हे बोलणं एकाच नेटवर्कच्या आत चालतं, मधे दुसरा राउटर मालक बनून बसला की ते तुटतं. म्हणूनच गेस्ट वायफायवर टाकलेला स्पीकरसुद्धा ग्रुपमध्ये येत नाही, गेस्टमध्ये एका वस्तूला दुसरी दिसू नये अशीच सोय असते. काही राउटरमध्ये हेच मेन वायफायलाही AP Isolation नावाने चालू असतं, ते बंद पाहिजे.

उपाय म्हणजे वरच्या राउटरचं मालकपण काढून घ्यायचं, त्याने फक्त वायफाय फेकायचं, नंबर वाटायचं काम खालचा डबा एकटाच करणार. बऱ्याच राउटरमध्ये यासाठी तयार सोय असते, Operation Mode किंवा System च्या आत Access Point Mode. ते निवडलं, राउटर रीस्टार्ट झाला, की वायर आहे त्याच पोर्टमध्ये राहू द्या, सहसा चालतं.

जुन्या राउटरमध्ये हा मोड नसतो, तेव्हा हाताने करायचं, अवघड नाहीये फक्त क्रम चुकवू नका. आधी मागची वायर काढून ठेवा आणि फोन किंवा लॅपटॉप वरच्याच वायफायला जोडा. राउटरचं पान उघडा, बहुतेक 192.168.0.1 असेल, पत्ता आणि पासवर्ड राउटरच्या खाली स्टिकरवर असतो. LAN मध्ये जाऊन राउटरचा स्वतःचा आयपी 192.168.1.2 करा, म्हणजे खालच्या डब्याच्या ओळीतला पण त्याच्याशी न भांडणारा. हे तुमचा डबा 192.168.1.1 आहे असं धरून सांगतोय, त्याचा पत्ता वेगळा असला तर त्या ओळीतला घ्या. सेव्ह केलं की पान बंद पडेल, नवीन पत्त्यावर परत लॉगिन करा, DHCP म्हणजे नंबर वाटायचं काम बंद करा. आता वायर परत लावा पण वॅनमध्ये नाही, शेजारच्या चार सारख्या पोर्टपैकी कुठल्याही एकात. डीएचसीपी बंद केल्यावर आणि वायर लावायच्या आधी फोनला आयपी मिळत नाही, चाक फिरत राहतं, तेव्हा लोक घाबरून राउटर रीसेट करून टाकतात आणि सगळं परत पहिल्यापासून. तसं करू नका, वायर लावा आणि वायफाय बंद-चालू करा, खालच्या डब्याकडून नंबर येईल. आणि जमलं तर खालच्या डब्याच्या पानावर नंबर वाटायची सुरुवात दहापासून ठेवा म्हणजे तो कधी चुकून दुसऱ्या कुणाला वरच्या राउटरचा 192.168.1.2 हा नंबर देणार नाही.

मग वर-खाली वायफायचं नाव आणि पासवर्ड अक्षर न अक्षर सारखा ठेवा, सिक्युरिटी दोन्हीकडे WPA2-PSK. आता वरचा स्पीकर नव्याने जोडावा लागेल. त्याच्या डोक्यावरचं ठिपक्याचं बटण नारिंगी लाईट फिरायला लागेपर्यंत दाबून धरा, अॅलेक्सा अॅपमध्ये त्या स्पीकरच्या सेटिंगमधून वायफाय बदला. फोनचं ब्लूटूथ आणि लोकेशन चालू पाहिजे, व्हीपीएन असेल तर बंद, आणि फोन घेऊन स्पीकरपाशीच थांबा. जोडणी अर्धवट राहण्याची सगळी प्रकरणं मी बघतो त्यातली बहुतेक या तीन-चार गोष्टींतच असतात, त्यामुळे यावर जास्त लिहीत नाही.

ग्रुप करताना पण एक घोळ होतो. अॅपमध्ये Devices मध्ये वर अधिकचं चिन्ह आहे, तिथे साधा Group पण असतो आणि Combine Speakers पण असतं. साधा ग्रुप म्हणजे खोली, 'बेडरूमचे लाईट बंद कर' वगैरेसाठी, त्यात तीन स्पीकर टाकले तरी गाणं एकदम वाजत नाही. तुम्हाला Combine Speakers मध्ये जाऊन Multi-Room Music पाहिजे. अॅपचा चेहरा अपडेटला बदलत राहतो, पण Multi-Room हा शब्द शोधा. नाव Everywhere असं सोपं द्या, कारण अॅलेक्सा इंग्रजी किंवा हिंदीत ऐकतेय, 'सगळं घर' म्हटलं तर तिला दरवेळी कळेलच असं नाही. आणि ग्रुपचं नाव कुठल्याच स्पीकरच्या नावासारखं नको, 'किचन' नावाचा स्पीकर आणि 'किचन' नावाचा ग्रुप असला की ती कुठे वाजवायचं यातच अडकते. सासूबाईंना रोज बोलायला लागू नये असं वाटत असेल तर Routines मध्ये सकाळी सहाची वेळ लावून तीच प्लेलिस्ट या ग्रुपवर लावता येते, आमच्याकडच्या बऱ्याच ज्येष्ठांना तेच बरं पडतं.

आता किचन. हे जरा सविस्तर सांगतो, कारण खरी मेहनत इथेच आहे आणि लोक इथेच अंदाजाने काहीतरी करत बसतात.

पहिलं काम कानाने करायचं. गाणं नेमकं कसं तुटतंय ते ऐका. एकटा किचनमधला गप्प होतो, हॉलमधला वाजत राहतो, आणि थोड्या वेळाने किचनमधला बरोबर त्याच ओळीवर परत येतो, असं असेल तर किचनमधल्या स्पीकरचं वायफाय कच्चं आहे. सगळेच एकदम अडखळतात आणि परत चालू होतात असं असेल तर डब्याकडे किंवा इंटरनेटकडे बघायचं, किंवा ग्रुपमधला एखादा कच्चा स्पीकर सगळ्यांना ओढतोय. आणि गाणं अडखळत नाही, एकदम बंदच होतं आणि परत येतच नाही, तर ते बऱ्याचदा वायफायचं दुखणं नसतंच. गाण्याच्या बऱ्याच साध्या प्लॅनमध्ये एका अकाउंटवर एका वेळी एकाच ठिकाणी गाणं वाजतं. तुमच्या मिस्टरांनी कारमध्ये त्याच अकाउंटवर गाणं लावलं की घरातलं बंद. हे एकदा घरात सगळ्यांना विचारून घ्या, मी राउटर उघडायच्या आधी हेच विचारतो.

दुसरं, ग्रुप मोडा आणि तेच गाणं एकेका स्पीकरवर एकटं पंधरा-वीस मिनिटं चालू ठेवा. हॉलमधला एकटा नीट, किचनमधला एकटाही अडखळतो, तर दोषी मिळाला. दोघंही एकटे नीट आणि फक्त ग्रुपमध्येच अडकतात तर दोषी जोडीत आहे, तेव्हा मी आधी डब्यापासून लांबचा स्पीकर ग्रुपमधून काढून बघतो. सगळा ग्रुप बिघडवायला एकच कच्चा गडी पुरतो.

समजा किचनमधलाच निघाला. आता स्पीकर ठेवलाय तिथे जाऊन बघा. आपल्या किचनमध्ये स्पीकर कुठे असतो? फ्रिजवर, नाहीतर स्टीलच्या मांडणीत डब्यांच्या मागे, म्हणजे तीन बाजूंनी धातू. वायफायला धातू म्हणजे भिंतीपेक्षा वाईट, विटांच्या भिंतीतून थोडं तरी जातं, पत्र्यातून जात नाही, परत उलटं फिरतं. फोनमध्ये वायफाय अॅनालायझर प्रकारचं कुठलंही फुकट अॅप टाका, स्पीकर उचला आणि बरोबर त्याच जागी फोन ठेवून आकडा बघा, तिथे उभं राहून हातात धरून नाही, हातातला फोन मांडणीच्या बाहेर असतो आणि आकडा खोटा चांगला येतो. आकडा उणे असतो, शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. -५० ते -६५ उत्तम, -७० च्या खाली गेलं की गाणं अधूनमधून अडकायची तयारी ठेवायची, -८० ला तर जोडलेलं दिसतं पण कामाचं नाही. मग तोच फोन दोन-तीन फूट सरकवत बघा, ओट्याच्या मोकळ्या टोकाला, खिडकीच्या कट्ट्यावर, भिंतीवर छोट्या स्टँडवर. एवढ्याशा सरकवण्याने दहाएक आकड्यांचा फरक पडलेला मी कितीदा बघितलाय, आणि हा उपाय पूर्ण फुकट आहे.

मायक्रोवेव्ह असेल तर तोही बघा. वायफायचा एक बँड २.४ गिगाहर्ट्झचा आहे आणि मायक्रोवेव्ह साधारण त्याच फ्रिक्वेन्सीवर चालतो, दारातून थोडीशी गळती झाली तरी शेजारच्या स्पीकरला पुरते. ओळखायचं सोपं आहे, दूध गरम करायला ठेवलं की गाणं तुटतं आणि टिंग झालं की नीट होतं.

तिसरी गोष्ट बँड. तुमच्या डब्यात २.४ आणि ५ असे दोन बँड असणार, आणि तुमचे एको डॉट तिसऱ्या पिढीचे किंवा नंतरचे असतील तर दोन्हीवर चालतात. २.४ लांब जातो, भिंत-स्लॅब जास्त सोसतो, पण त्याच्यात गर्दी फार. रो हाऊसला भिंतीला भिंत लागलेली, शेजारच्या दोन घरांचे, समोरच्यांचे, मागच्या लाईनचे असे सगळे राउटर तुमच्या किचनमध्ये ऐकू येतात. ५ मध्ये गर्दी कमी पण तो भिंतीत लवकर दमतो आणि आपल्या आरसीसी स्लॅबपुढे तर हातच टेकतो. म्हणून डब्याच्या खोलीतला आणि एका विटेच्या भिंतीपलीकडचा स्पीकर ५ वर टाकावा, बाकीचे २.४ वर. डब्यात दोन्ही बँडला एकच नाव असलं, त्याला Smart Connect किंवा Band Steering म्हणतात, तर कधी स्पीकर इकडे कधी तिकडे उडी मारतो आणि त्या उडीत गाणं तुटतं. मी ते बंद करून ५ च्या नावापुढे _5G लावून वेगळं करतो. नावं वेगळी असली तरी डबा एकच असल्यामुळे नेटवर्क एकच राहतं, ग्रुप मोडत नाही.

२.४ वर चॅनल ऑटो ठेवू नका. ऑटोत काही डबे मधेच चॅनल बदलतात आणि त्या काही सेकंदात सगळ्यांचं गाणं जातं. १, ६ आणि ११ हे तीनच चॅनल एकमेकांवर चढत नाहीत, अॅनालायझरमध्ये तुमच्या घरात जो कमी गर्दीचा दिसेल तो खालच्या डब्याला द्या आणि उरलेल्या दोनपैकी एक वरच्या राउटरला, म्हणजे तुमचेच दोन राउटर एकमेकांवर ओरडणार नाहीत. चॅनलची रुंदी 20 MHz ठेवा. ४० केली की स्पीडटेस्टला आकडा मोठा दिसतो, पण शेजाऱ्यांची गर्दी तेवढीच जास्त अंगावर येते, आणि गाण्याला तो मोठा आकडा लागतच नाही.

एवढं करूनही तुटतं असं एक घर सांगतो, इंदिरानगरचा बंगला, तुमच्यासारखंच ग्राउंड प्लस वन. किचनमध्ये सिग्नल -५८, म्हणजे छान. चॅनल मोकळा. तरीही संध्याकाळी सात-साडेसातनंतर हॉल आणि किचन दोन्ही अडखळायचे, दुपारी एकदम नीट. घरातले म्हणायचे संध्याकाळी सगळे इंटरनेट वापरतात म्हणून. मी लॅपटॉप वायरने डब्याला जोडला आणि किचनमधल्या स्पीकरला पिंग लावून ठेवला, म्हणजे त्याला सारखी हाक मारायची आणि उत्तराला किती वेळ लागतो ते बघायचं. स्पीकरचा आयपी डब्याच्या पानावर जोडलेल्या वस्तूंच्या यादीत मिळतो, कुठला कोण ते कळत नसेल तर अॅलेक्सा अॅपमध्ये स्पीकरच्या About मध्ये MAC Address असतो तो यादीशी जुळवायचा.

```
ping -t 192.168.1.34
```

गाणं चालू असतानाच हे बघायचं, कारण रिकामा बसलेला स्पीकर झोपेत असतो आणि मधेमधे उगाच उशिरा उत्तर देतो. दुपारी उत्तरं ५, ८, १२ मिलिसेकंद अशी येत होती. संध्याकाळी तीच २५०, ४००, मधे मधे Request timed out, आणि प्रत्येक टाइम आउटच्या पाठोपाठ गाण्याला खाच. बाहेरच्या इंटरनेटला लावलेला पिंग मात्र त्याच वेळी शांत. म्हणजे घरात येणारी लाईन चांगली होती, घरातली हवा बिघडत होती.

मग डब्याच्या यादीत बाकीच्या वस्तूंचे सिग्नल बघितले. गेटवर वायफाय कॅमेरा होता, -८३ वर. वायफायच्या एका चॅनलवर एका वेळी एकच वस्तू बोलू शकते, बाकीच्यांनी थांबायचं. ज्याचा सिग्नल चांगला तो भराभर बोलून मोकळा होतो, ज्याचा कच्चा तो तेवढाच डाटा हळूहळू आणि परत परत पाठवतो. नळावर रांग लागलीय आणि पुढच्याने हंडा वाटीने भरायला घेतला तर मागच्यांचं जे होतं तेच इथे होतं. दुपारी रस्ता रिकामा म्हणून कॅमेरा गप्प असायचा, संध्याकाळी माणसं-गाड्यांची ये-जा सुरू झाली की तो सारखा रेकॉर्डिंग इंटरनेटवर पाठवायचा. कॅमेऱ्याचा प्लग काढला, पिंग जागच्या जागी खाली आला आणि गाणं सलग. तिथे आम्ही पोर्चपर्यंत वायर नेऊन कॅमेरा वायरवर घेतला. वायर शक्य नसती तर कॅमेऱ्याची क्वालिटी एक पायरी खाली आणून, राउटर त्याच्या जवळ आणूनही बराच फरक पडला असता. तुमच्याकडे गेटवर कॅमेरा, बाहेरचा स्मार्ट दिवा, पार्किंगमधली कुठलीही वायफायची वस्तू असेल तर एक संध्याकाळ तिचा प्लग काढून गाणं लावून बघा. किचनमधल्या स्पीकरचं दुखणं कित्येकदा किचनमध्ये नसतं.

लाईट गेली-आलीचं पण बोलून घेतो, कारण आपल्याकडे पावसाळ्यात हे होणारच आणि वर-खाली दोन राउटर असले की त्याचा वेगळाच त्रास आहे. लाईट आली की सगळं एकदम चालू होतं, पण फायबरचा डबा लाईन पकडून उभा राहायला दोन-तीन मिनिटं घेतो, साधा राउटर लवकर उठतो. खालचा स्पीकर जागा होतो तेव्हा त्याला खालचं वायफाय अजून दिसतच नाही, वरचं दिसतं, नाव-पासवर्ड सारखाच म्हणून तो स्लॅबमधून वरच्याला चिकटतो. नंतर खालचा डबा उठला तरी स्पीकर आपणहून परत येत नाही, सिग्नल अगदी तुटेपर्यंत तिथेच लटकत राहतो. मग 'काल चांगलं वाजत होतं, आज परत तेच' असं होतं. असं दिसलं तर स्पीकरचा प्लग दहा सेकंद काढून परत लावा, या वेळी तो जवळचा धरतो. कायमचा उपाय म्हणजे डबा आणि वरचा राउटर दोन्हीला राउटरचे छोटे मिनी यूपीएस लावा, घेताना अॅडॅप्टरवरचा व्होल्टेज बघून तोच घ्या, बहुतेक १२ व्होल्ट असतो, आणि अँपिअर त्याच्याइतके किंवा जास्त. घराला इन्व्हर्टर असला तरी त्याच्या मागे UPS आणि ECO असा स्विच असेल तर UPS वर ठेवा, दुसऱ्या मोडमध्ये बदलायला जास्त वेळ घेतो आणि तेवढ्यात डबा रीस्टार्ट होतो.

हॉलमध्ये मोठ्या आवाजासाठी साउंडबार ब्लूटूथने एकोला जोडायचा विचार असेल तर ग्रुपसाठी ते चालत नाही, मल्टी-रूममध्ये ब्लूटूथचा स्पीकर धरला जात नाही. तिसऱ्या-चौथ्या पिढीच्या एको डॉटला मागे हेडफोनचं भोक आहे, त्यातून ऑक्स वायरने जोडा. पाचव्या पिढीत ते भोक काढून टाकलंय. आणि पुढे कधी चौथा स्पीकर घ्याल तर एकोच घ्या, गुगलचा नेस्ट मिनी आणि एको एका ग्रुपमध्ये बसत नाहीत.

बाजारात वरच्या मजल्यासाठी प्लगमध्ये लावायचा रिपीटर मिळतो, कुणी सुचवला तर घेऊ नका. साधा रिपीटर ज्या चॅनलवर ऐकतो त्याच चॅनलवर परत बोलतो, त्यामुळे हवा दुप्पट वापरली जाते, आणि ग्रुपच्या गाण्याला नेमकं तेच सोसत नाही. तुमच्याकडे वर जाणारी वायर आधीच आहे, ही फार मोठी सोय आहे, बऱ्याच घरात तीच टाकायला भिंत फोडावी लागते. फक्त ती वायर कॅट ५ई किंवा कॅट ६ आहे ना आणि गच्चीवरून उघडी उन्हात गेलेली नाही ना ते बघा. नाशिकच्या उन्हात साधी आतली वायर बाहेर टाकली तर वरचं आवरण चिरतं, पावसाचं पाणी आत जातं आणि मग नेट मधेच येतं मधेच जातं, तेव्हा ती पाइपातून घ्या नाहीतर बाहेरची जाड काळी वायर टाका.

वरच्या राउटरचं सेटिंग बदलून झाल्यावरही वरचा स्पीकर ग्रुपमध्ये कधी दिसतो कधी गायब होतो असं झालं तर वरच्या राउटरमध्ये IGMP Snooping नावाचा पर्याय शोधा, चालू असेल तर बंद करून, बंद असेल तर चालू करून तिन्ही स्पीकर एकदा रीस्टार्ट करा. काही जुने राउटर स्पीकरनी एकमेकांना मारलेल्या हाका पुढे पाठवताना इथेच गाळतात. त्यानेही फरक पडला नाही तर तो राउटर निवृत्त करा आणि त्याच वायरवर ज्याला Access Point Mode आहे असा साधा ड्युअल बँड राउटर लावा, २०० च्या प्लॅनचे पैसे तिथे घाला.